जुनी गाडी भंगारात, नवी गाडी दारात: सवलत नक्की किती?

शोरूमबाहेर हल्ली एक फलक हमखास दिसतो. 'जुनी गाडी स्क्रॅप करा, नव्या गाडीवर हजारोंची सवलत मिळवा.' आत गेले की विक्री करणारा मुलगा कॅलक्युलेटर काढतो आणि पाच टक्के, पंधरा टक्के, वीस हजार असे आकडे भराभर सांगतो. घरी येईपर्यंत आपल्याला वाटू लागते की अंगणात उभी असलेली जुनी गाडी म्हणजे दडवून ठेवलेली ठेवच आहे. या आकड्यांतला कोणता खरा, कोणता अर्धा खरा आणि कोणता केवळ कागदावरचा, हे एका घराच्या हिशेबावरून पाहू.

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्यावी लागेल. ज्याला आपण 'स्क्रॅपची सवलत' म्हणतो ती एक नसून तीन वेगवेगळ्या हातांतून येणारे तीन वेगवेगळे पैसे आहेत. भंगाराची किंमत गाडी तोडणारे केंद्र देते. किमतीतली सूट गाडीची कंपनी देते. करातली सूट राज्य सरकार देते. तिघांचे नियम वेगळे, मुदती वेगळ्या, आणि मुख्य म्हणजे तिघांचा भरवसाही वेगळा. शोरूममध्ये हे तिन्ही एकाच बेरजेत घालून सांगितले जातात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

कंपनीच्या सवलतीपासून सुरुवात करू. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांचे धोरण आणले तेव्हा जुनी गाडी रीतसर मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र आणणाऱ्याला नव्या गाडीवर पाच टक्के सूट द्यावी, असे कंपन्यांना सांगितले होते. हा सल्ला होता, सक्ती नव्हती. पण 'पाच टक्के' हा आकडा लोकांच्या तोंडी बसला तो आजही उतरलेला नाही. प्रत्यक्षात २७ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्याबरोबरच्या बैठकीत मोटारगाड्या बनवणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी मान्य केले ते असे: गेल्या सहा महिन्यांत मोडीत काढलेल्या गाडीच्या बदल्यात नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या दीड टक्का किंवा वीस हजार रुपये, यातले जे कमी असेल ते. ही बोली मोटारगाड्यांसाठी एका वर्षाची होती. म्हणून ती आपल्या गाडीला, आपल्या तारखेला लागू आहे का, हे प्रत्येकाने लेखी विचारून घ्यायला हवे.

'जे कमी असेल ते' या चार शब्दांत सगळी गोम आहे. दीड टक्क्याने वीस हजार होण्यासाठी गाडीची किंमत तेरा लाखांच्या वर असावी लागते. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांची खरेदी सहा-सात लाखांच्या गाडीची. त्यांच्यासाठी फलकावरचा वीस हजारांचा आकडा कधीच खरा होणार नाही. सात लाखांच्या गाडीवर ही सूट साडेदहा हजार होते.

आता करातली सूट. नवी गाडी घेताना राज्य सरकार एकरकमी वाहन कर घेते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या, स्वतःच्या नावे घेतलेल्या पेट्रोल गाडीवर तो किमतीच्या ११ टक्के आहे. जुनी गाडी नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढली असेल तर या करात सूट मिळते. केंद्राच्या नियमात खासगी गाडीसाठी ती २५ टक्क्यांपर्यंत देता येते. आपल्या राज्यात ती १० टक्के होती आणि २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ती १५ टक्के केली. इथे नीट थांबून वाचावे. ही १५ टक्के सूट गाडीच्या किमतीवर नाही, करावर आहे. शंभर रुपयांच्या गाडीवर अकरा रुपये कर आणि त्या अकरा रुपयांतले १५ टक्के, म्हणजे एक रुपया पासष्ट पैसे. वर्गात टक्केवारी शिकवताना आम्ही मुलांना पहिला प्रश्न विचारतो, 'कशाचे टक्के?' शोरूममध्येही हाच प्रश्न विचारला तर निम्मा फुगवटा खाली बसतो.

तरीही तिन्हींमध्ये हीच सूट सर्वांत भरवशाची, असे आमचे मत आहे. ती विक्रेत्याच्या मर्जीवर नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक वाहन नोंदणीच्या सरकारी प्रणालीत जातो, कर तिथेच कमी होतो आणि पावतीवर दिसतो. नव्या गाडीची नोंदणी फीही माफ होते. मोटारगाडीसाठी ती ६०० रुपये, म्हणजे रक्कम लहान.

हिशेबासाठी आम्ही आमच्या मेहुण्यांचे उदाहरण घेतो. ते साताऱ्याला असतात. त्यांच्या मरहूम वडिलांनी २०१० मध्ये घेतलेली लहान पेट्रोल गाडी दारात होती. इंजिन धूर सोडत होते आणि नोंदणीची पंधरा वर्षे भरत आली होती. नवी गाडी त्यांनी पसंत केली तिची एक्स-शोरूम किंमत ६,८०,००० रुपये. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून आम्ही गोल केले आहेत.)

पहिल्या दिवशी ते शोरूममध्ये गेले ते जुन्या गाडीचा विषय न काढता. हा शहाणपणा आमच्या बहिणीचा. 'आधी नुसता भाव काढा, घरात जुनी गाडी आहे हे सांगूच नका,' असे तिने बजावले होते. त्या दिवशी कोटेशन मिळाले त्यात २५,००० रुपयांची रोख सूट होती. ही सूट त्या महिन्यात प्रत्येक ग्राहकाला होती.

चार दिवसांनी ते परत गेले आणि जुनी गाडी बदलून द्यायची आहे, असे सांगितले. आता दुसरे कोटेशन आले. जुन्या गाडीचे ३५,००० आणि वर १५,००० एक्स्चेंज बोनस. ऐकायला पन्नास हजार. पण कागद नीट पाहिला तर रोख सूट २५,००० वरून १०,००० वर आली होती. म्हणजे पंधरा हजार एका खिशातून काढून दुसऱ्यात घातले. बोनस हा शब्द कागदावर होता, पैसा नव्हता. जुन्या गाडीचे खरे मोल उरले ३५,००० रुपये.

मग त्यांनी तिसरे विचारले. गाडी मोडीत काढून प्रमाणपत्र आणले तर? विक्रेत्याने लगेच १०,२०० रुपयांची स्क्रॅप सूट लिहून दिली. हा आकडा बरोबर होता, ६,८०,००० चा दीड टक्का. पण याही कागदावर रोख सूट पंधरा हजारच झाली होती. दोन्ही मिळून २५,२००. म्हणजे जुनी गाडी नसलेल्या ग्राहकापेक्षा मेहुण्यांना किमतीत दोनशे रुपये जास्त मिळत होते. एवढ्यासाठी गाडी तोडायची!

इथे अनेकांना हे ठाऊक नसते की एक्स्चेंजची सूट आणि स्क्रॅपची सूट दोन्ही एकाच वेळी मागता येत नाहीत. २०२४ च्या त्या बैठकीत कंपन्यांनी हेही स्पष्ट केले होते. गाडी मोडीत निघाली म्हणजे ती बदलून दिलेली नाही, त्यामुळे दोन्हींपैकी फक्त स्क्रॅपची सूट मिळेल. पण प्रत्येक ग्राहकाला मिळणारी रोख सूट ही या दोन्हींहून वेगळी गोष्ट आहे. ती काढून घ्यावी असे त्या बोलीत कुठे नव्हते. विक्रेता ती काढतो कारण किंमत ठरवण्याची मोकळीक त्याच्याकडे असते, आणि आपण काही बोलत नाही.

मेहुणे बोलले. पहिले कोटेशन खिशात होते, त्यावर तारीख आणि शोरूमचा शिक्का होता. 'रोख सूट पंचवीसच हजार ठेवा, त्यावर स्क्रॅपचे १०,२०० द्या, नाहीतर दुसऱ्या शोरूममध्ये विचारतो,' एवढेच म्हणाले. दोन दिवसांनी होकार आला. महिनाअखेर होती, त्याचाही उपयोग झाला असावा.

आता मोडीत काढण्याच्या बाजूची बेरीज अशी झाली. पुण्याकडच्या नोंदणीकृत केंद्राने गाडीच्या वजनावर २३,००० सांगितले. साताऱ्याहून उचलून नेण्याचे ४,००० वजा करून हाती १९,०००. कंपनीची सूट १०,२००. कर ७४,८०० होता, त्याचे १५ टक्के म्हणजे ११,२२०. नोंदणी फीचे ६००. एकूण ४१,०२० रुपये. बोलणी केली नसती तर हाच आकडा ३१,०२० झाला असता, आणि एक्स्चेंजचे ३५,००० त्याहून चांगले ठरले असते. गावातल्या एका गॅरेजवाल्याने तीच गाडी ३०,००० ला मागितली होती.

या घरात भंगाराचा रस्ता फायद्याचा ठरला तो गाडी थकलेली होती म्हणून. गाडी चालती असती, नोंदणीची चार-पाच वर्षे शिल्लक असती, तर तिला बाजारात सहज लाख-दीड लाख मिळाले असते. तेव्हा ४१,००० साठी ती तोडणे म्हणजे नुसते नुकसान. धोरण आले तेव्हा भंगाराची किंमत नव्या गाडीच्या चार ते सहा टक्के येईल असे सांगितले गेले होते. मेहुण्यांच्या हिशेबात नेण्याचा खर्च वजा जाता ती तीन टक्क्यांनाही पोचली नाही. केंद्र गाडीचे वजन बघते, आपण तिच्यावर किती जीव लावला ते बघत नाही. भंगाराचा भाव लोखंडाच्या बाजाराबरोबर वरखाली होतो, म्हणून दोन-तीन केंद्रांना विचारावे आणि नेण्याचा खर्च कोणाकडे, हे आधीच ठरवावे.

विक्रेते आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती ऐकून माणसे घाईला येतात. 'पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते.' महाराष्ट्रातल्या खासगी गाडीला हे लागू नाही. दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशात राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या आदेशांमुळे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा विषय आहे, त्याच्या बातम्या आपण वाचतो आणि तो नियम आपल्याकडेही आला असे समजतो. आपल्याकडे पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्याची फी मात्र १ एप्रिल २०२२ पासून मोटारगाडीला ५,००० आणि दुचाकीला १,००० रुपये झाली आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी तपासणीत पास व्हावी लागते. मेहुण्यांच्या गाडीला इंजिनकाम करावे लागले असते. ते धरले तर नूतनीकरण परवडणारे नव्हते. ज्यांची गाडी ठणठणीत आहे त्यांनी हा हिशेबही कागदावर मांडावा.

आता प्रमाणपत्राविषयी, कारण सगळी सूट त्या एका कागदावर उभी आहे. त्याला सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट म्हणतात आणि ते फक्त सरकारकडे नोंदलेले केंद्रच देऊ शकते. आपल्या समाजात भंगाराचा धंदा करणारी घरे पुष्कळ आहेत. कुर्ल्यापासून गावोगावच्या नाक्यापर्यंत आपलीच माणसे त्यात आहेत आणि प्रामाणिकपणे करतात. पण ओळखीच्या मामूंनी दोन हजार जास्त दिले तरी त्यांच्याकडे ती नोंदणी नसेल तर प्रमाणपत्र मिळणार नाही. नुसती सूटच जाते असे नाही. गाडीची नोंदणी रद्द होत नाही आणि कागदोपत्री ती आपल्याच नावावर राहते. उद्या तिचे सुटे भाग किंवा नंबरप्लेट भलत्याच कामात सापडली तर पोलीस विचारायला आपल्याच दारी येणार. नोंदणीकृत केंद्राला गाडीच्या चासी नंबरचा तुकडा कापून सहा महिने जपून ठेवावा लागतो, तो याचसाठी. केंद्र शोधायला आणि अर्ज करायला vscrap.parivahan.gov.in हे सरकारी संकेतस्थळ आहे.

गाडी घेण्याआधी केंद्र काही गोष्टी तपासते. गाडीवर कर्जाचा बोजा नको, चोरीची नोंद नको, दंड आणि कर थकलेले नकोत. खूप वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाचा बोजा आरसी बुकावर तसाच राहिलेला असतो आणि इथेच काम अडते. बँकेकडून ना हरकत दाखला आणून तो आधी उतरवून घ्यावा.

मेहुण्यांचे काम अडले ते दुसऱ्याच कारणाने. गाडी मरहूम वडिलांच्या नावावर होती. वडील जाऊन सहा वर्षे झाली, गाडी मुलगा चालवत होता, नाव बदलायचे कोणाला सुचले नव्हते. अशा वेळी मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रे, बाकीच्या भावंडांची संमती आणि आरटीओचा फॉर्म ३१ लागतो. अम्मी आणि दोन बहिणी, सगळ्यांच्या सह्या गोळा करण्यात तीन आठवडे गेले. प्रमाणपत्र ज्याच्या नावाने निघते, सूटही त्याच्याच नावाने मागणे सोपे जाते. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी नव्या गाडीची बुकिंग करण्याआधी हे काम संपवावे, कारण बुकिंगनंतर घड्याळ आपल्याविरुद्ध चालू लागते.

घड्याळेही दोन आहेत. कंपनीची सूट जुनी गाडी गेल्या सहा महिन्यांत मोडीत निघाली असेल तरच. राज्याच्या करसवलतीला प्रमाणपत्राच्या तारखेपासून दोन वर्षे आहेत, आणि ती त्याच प्रकारच्या वाहनाला मिळते. स्कूटर तोडून मोटारीच्या करात सूट मागता येत नाही. जुन्या गाडीच्या वयाची अट आपल्याला कशी लागू होते, हे गाडी केंद्रात पाठवण्याआधी आरटीओत विचारावे. एकदा तोडलेली गाडी परत येत नाही. याच कारणाने शोरूमचे लेखी कोटेशन हाती आल्याशिवाय गाडी पाठवू नये. त्यात मूळ किंमत, रोख सूट, स्क्रॅप सूट, विमा आणि कर या ओळी वेगवेगळ्या हव्यात. 'ऑन-रोड' असा एकच आकडा देणाऱ्या शोरूममध्ये कोणती सूट कुठे गेली, ते आपल्याला कधीच कळत नाही.

आपल्यातली बरीच कुटुंबे व्याजाचे कर्ज टाळतात, बीसी लावून किंवा वर्षानुवर्षे साठवून रोख गाडी घेतात. त्यांनी एक प्रश्न जास्तीचा विचारावा. सांगितलेली रोख सूट शोरूमकडून कर्ज घेतले तरच आहे का, किंवा त्यांचाच विमा घेतला तरच आहे का? कर्जावर शोरूमला कमिशन मिळते आणि कधी कधी सूट त्यातूनच दिलेली असते. रोखीने घेतो म्हटले की ती गायब होते. पहिल्याच भेटीत 'आम्ही कर्ज घेणार नाही' असे सांगून मग भाव काढावा, म्हणजे नंतर स्क्रॅपच्या सुटीशी तिची सरमिसळ होत नाही.

दुचाकीचे विचारणारे वाचकही असतील. २०२४ ची ती बोली मोटारगाड्या आणि ट्रक-बस बनवणाऱ्या कंपन्यांची होती, त्यामुळे स्कूटरवर शोरूम जे काही देईल ते त्याचे स्वतःचे. राज्याची करसवलत उरते. ९०,००० रुपयांच्या, सव्वाशे सीसीच्या स्कूटरवर ११ टक्क्यांनी कर ९,९०० आणि त्याचे १५ टक्के १,४८५ रुपये. जुन्या स्कूटरचे भंगारात जे दीड-दोन हजार येतील ते धरूनही, ती अजून किक मारल्यावर सुरू होत असेल तर शेजारपाजारी कोणीतरी त्याहून जास्त देईल. मात्र विकली तर नाव बदलल्याशिवाय चावी देऊ नये.

मेहुण्यांची नवी गाडी आली तेव्हा आम्ही कराची पावती मागून पाहिली. ७४,८०० च्या जागी ६३,५८० होते. जुन्या गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला तर नोंदणी रद्द झाल्याचे दिसले. अम्मींनी ती पावती जुन्या आरसी बुकाच्या प्लॅस्टिक पाकिटात ठेवली आहे.